व्हॉल्व्ह कशामुळे अडकला? बिघाडाचा तपास मराठीत लिहिताना

वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत मशीन वारंवार बंद पडू लागलं की त्याचा तपास होतो आणि अहवाल इंग्रजीत लिहिला जातो. ज्या फिटर, इलेक्ट्रिशियन आणि ऑपरेटर मंडळींनी तो वाचून पुढचं काम करायचं, ती पेडणे, डिचोली, सत्तरीतून किंवा बांदा-सावंतवाडीकडून कामाला येतात. घरी कोकणी किंवा मालवणी बोलतात, वाचायला मराठी पेपर घेतात. म्हणून कुणीतरी तो अहवाल मराठीत आणायला बसतं. शब्दाला शब्द लावून हे काम संपत नाही. इंग्रजीत गुळगुळीत वाटणारी कारणं मराठीत मांडली की त्यातल्या फटी दिसतात, आणि त्या तिथेच बुजवाव्या लागतात. कसं, ते एका बिघाडावरून पाहू. उदाहरण रचलेलं आहे, पण पावसाळ्यात गोव्यात कॉम्प्रेसर सांभाळणाऱ्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल.

आधी दोन साधनांबद्दल थोडं. पहिलं म्हणजे पाच वेळा कारण विचारणं. बिघाड झाला की त्याचं कारण शोधायचं, मग त्या कारणाचं कारण, असं खाली उतरत जायचं. ही सवय टोयोटाच्या कारखान्यांत रुजली. तिथले ताइइची ओनो याचं एक उदाहरण देत. मशीन थांबलं, कारण जादा भार येऊन फ्यूज उडाला. भार वाढला, कारण बेअरिंगला पुरेसं वंगण नव्हतं. वंगण नव्हतं, कारण पंप नीट उचलत नव्हता. पंप उचलत नव्हता, कारण त्याचा शाफ्ट झिजला होता. शाफ्ट झिजला, कारण गाळणी नसल्यामुळे धातूचा कीस आत जात होता. नुसता फ्यूज बदलला असता तर मशीन पुन्हा थांबलं असतं. पाच हा आकडा पवित्र नाही, कधी तीन पायऱ्यांत उत्तर मिळतं, कधी सात लागतात.

दुसरं साधन काट्याची आकृती. जपानचे काओरू इशिकावा यांच्या नावानं ती ओळखली जाते. उजवीकडे माशाचं डोकं, तिथे बिघाड लिहायचा. मधला कणा डोक्याला जोडलेला, आणि कण्यातून निघणाऱ्या काट्यांवर कारणांचे गट. इंग्रजीत हे सहा गट एकाच अक्षरानं सुरू होतात, मराठीत तो हट्ट धरू नये. माणूस, मशीन, माल, पद्धत, मोजमाप आणि हवापाणी ही सहा नावं पुरतात. शेवटचं नाव ‘पर्यावरण’ असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. तो शब्द वाचला की कारखान्यातल्या माणसाला झाडं लावण्याचा कार्यक्रम आठवतो, कॉम्प्रेसर रूममधली दमट हवा आठवत नाही.

आता बिघाड. एका पॅकिंग लाइनवर तीन नंबरच्या स्टेशनला हवेवर चालणारा एक सिलिंडर खोका पुढे ढकलतो आणि मागे येतो. जूनपासून तो मधूनच पुढे जाऊन तिथेच अडकू लागला, बहुतेक वेळा सकाळी लाइन सुरू करताना. प्रत्येक वेळी सोलेनॉइड व्हॉल्व्ह बदलला, लाइन चालली, आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. इंग्रजी अहवालातली साखळी अशी होती: सिलिंडर मागे आला नाही, कारण व्हॉल्व्हचा स्पूल, म्हणजे आतला सरकता दांडा, अडकला. स्पूल अडकला, कारण हवेबरोबर पाणी आणि गंज आला. पाणी आलं, कारण दाबलेली हवा साठवणाऱ्या रिसीव्हर टाकीतलं पाणी आपोआप बाहेर सोडणारा ऑटो ड्रेन काम करत नव्हता. ड्रेन काम करत नव्हता, कारण त्याची जाळी तुंबली होती. जाळी तुंबली, कारण तंत्रज्ञानं ती साफ केली नाही. मूळ कारण: मानवी चूक. उपाय: तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि समज.

पाच पायऱ्या आहेत, क्रम बरोबर दिसतो, कुणाचीही सही मिळेल असा हा अहवाल आहे. मराठीत आणताना मात्र तो पहिल्याच प्रश्नाला अडतो.

इंग्रजीतला प्रश्न ‘का’ असा आणला की काय होतं ते टीमसमोर उभं राहून पाहावं. “ड्रेन का साफ झाला नाही?” या प्रश्नात जाब विचारल्याचा सूर आहे. शाळेत “उशीर का झाला?” विचारतात तसाच. उत्तरही तसंच येतं: “मी सेकंड शिफ्टला होतो, साहेब.” शिवाय ‘का’ला हेतूचं उत्तरही चालतं. “व्हॉल्व्ह का बदलला?” म्हटलं की “लाइन चालू करायची होती म्हणून” हे उत्तर बरोबरच आहे, फक्त ते कारण नव्हे. कोकणी-मालवणीतल्या ‘कित्याक’चंही असंच आहे, कारण आणि हेतू दोन्ही त्यात मावतात. म्हणून अहवालात आणि बैठकीत दोन्हीकडे ‘कशामुळे’ वापरावं. “जाळी कशामुळे तुंबली?” याला माणसाचं नाव हे उत्तर बसत नाही. टाकीच्या आतला गंज सुटून खाली आला, तो तेलाबरोबर चिकट झाला, असं उत्तर द्यावं लागतं. प्रश्नाचा एक शब्द बदलला आणि तपास माणसावरून वस्तूवर आला.

दुसरी अडचण क्रियापदांची. इंग्रजी अहवालात ‘तपासलं गेलं नाही’ छापाची वाक्यं भरपूर असतात. कुणी, कधी, काय करायला हवं होतं, हे त्यात कुठेच नसतं. मराठीत ‘तपासणी करण्यात आली नाही’ असं लिहिलं की सरकारी परिपत्रक तयार होतं आणि माहिती तेवढीच राहते. इथे अनुवाद करणाऱ्यानं हात थांबवावा आणि कॉम्प्रेसर रूममध्ये जाऊन विचारावं. या उदाहरणात विचारलं तर कळतं की दर आठवड्याच्या चेकलिस्टवर ‘ऑटो ड्रेन तपासा’ या ओळीपुढे नियमित टिक आहे. माणूस येत होता, ड्रेनचं टेस्ट बटण दाबत होता, फुस्स आवाज आला की टिक करत होता. त्याला सांगितलेलं काम त्यानं केलं होतं. जाळी अर्धी तुंबलेली असली तरी आवाज येतोच. म्हणजे ‘तंत्रज्ञानं जाळी साफ केली नाही’ हे वाक्य खरं असूनही दिशाभूल करणारं आहे, कारण जाळी उघडून साफ करा असं चेकलिस्टमध्ये लिहिलेलंच नव्हतं.

साखळी तपासायची एक सोपी रीत मराठीत आयती आहे. खालून वर वाचत जायचं आणि प्रत्येक दोन पायऱ्यांमध्ये ‘म्हणून’ घालायचं. जाळी तुंबली, म्हणून ड्रेनमधून पाणी कमी गेलं. पाणी कमी गेलं, म्हणून टाकीत साठलं. साठलं, म्हणून हवेबरोबर लाइनमध्ये गेलं. इथवर ठीक. पण नुसतं वाचून कान तृप्त झाला म्हणजे झालं नाही, प्रत्येक ‘म्हणून’पाशी आणखी एक गोष्ट विचारायची: खालचं कारण काढून टाकलं तर वरचा परिणाम थांबतो का? जाळी साफ केली तर पाणी थांबायला हवं. इथे जाळी साफ केली होती. पंधरवड्याच्या आत व्हॉल्व्ह पुन्हा अडकला. म्हणजे साखळी चुकीची नसेल, पण अपुरी नक्की आहे. पाच प्रश्नांची हीच मोठी मर्यादा आहे. ते एकाच वाटेनं खाली उतरतात, आणि पहिलं पटण्याजोगं उत्तर सापडलं की बाकीच्या वाटा कुणी पाहत नाही. काट्याची आकृती यासाठीच आधी काढायची: सगळ्या वाटा मांडायच्या, मग ज्या काट्यात पुरावा सापडेल त्याच्यावर ‘कशामुळे’ विचारत उतरायचं.

आकृतीच्या डोक्यात काय लिहायचं यावर बरंच अवलंबून असतं. इंग्रजीत ‘व्हॉल्व्ह फेल्युअर’ लिहिलेलं असतं. मराठीत ‘व्हॉल्व्ह खराब’ लिहू नये, कारण खराब म्हटलं की व्हॉल्व्हच दोषी ठरतो. जे दिसलं ते लिहावं: ‘जूनपासून, सकाळी लाइन सुरू करताना, तीन नंबर स्टेशनचा स्पूल अडकतो, एक आणि दोन नंबरचा अडकत नाही.’ वाक्य लांब आहे, पण त्यात तीन सुगावे आहेत. जूनपासून, सकाळी, आणि फक्त तीन नंबर. ज्या कारणानं या तिन्हींचा उलगडा होत नाही, ते पूर्ण कारण नाही.

माणूस आणि माल हे काटे इथे लवकर आटोपतात. व्हॉल्व्ह बदलणारी माणसं तीच, ल्युब्रिकेटरमधलं तेल तिन्ही स्टेशनांना तेच, सुट्या व्हॉल्व्हचा ब्रँडही तोच. तिन्हीकडे सारखं असलेलं कारण एकाच ठिकाणचा बिघाड एकट्यानं समजावू शकत नाही.

हवापाण्याच्या काट्यावर मात्र थांबायला हवं, कारण इथे गोवा येतो. पावसाळ्यात 28 अंशांची, 90 टक्के आर्द्रतेची हवा असली तर तिच्या एका घनमीटरमध्ये साधारण 24 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. जानेवारीतल्या 25 अंशांच्या, 60 टक्के आर्द्रतेच्या हवेत ते साधारण 14 ग्रॅम असतं. मिनिटाला 5 घनमीटर हवा ओढणारा कॉम्प्रेसर सतत चालला, तर तासाला 300 घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे पावसाळ्यात तासाला सात लिटर पाणी तो हवेबरोबर आत ओढतो, आणि जानेवारीत चार. हवा 7 बारपर्यंत दाबली आणि कूलरमधून थंड झाली की तिला एवढं पाणी धरवत नाही. आपल्या उदाहरणात कूलरनंतर हवा थेट टाकीत येते, त्यामुळे सुटलेलं पाणी टाकीच्या तळाशी पडतं. हिशेब केला तर पावसाळ्यात ते तासाला पाच लिटरच्या थोडं वर भरतं, जानेवारीत अडीचच्या आसपास. उरलेली वाफ पुढे ड्रायरकडे जाते.

आता मोजमापाचा काटा. पाच लिटर पडतं हे समजलं, पण ड्रेन किती बाहेर टाकतो? हे कुणीच मोजलं नव्हतं. ड्रेनच्या तोंडाला होज लावून ती बादलीत घट्ट बांधली, डोळ्यांवर गॉगल घातला (7 बारचा फवारा अंगावर घ्यायचा नसतो) आणि जाळी साफ केल्यानंतर एका वेळेचं पाणी धरलं. टायमर दर 15 मिनिटांनी 3 सेकंद ड्रेन उघडत होता आणि एका वेळेला साधारण 800 मिली पाणी येत होतं. तासाला चार वेळा, म्हणजे 3.2 लिटर. जानेवारीच्या अडीच लिटरला ते पुरतं. जुलैच्या पाच लिटरला पुरत नाही. तासाला जवळपास 2 लिटर पाणी टाकीत उरत जातं, आठ तासांच्या शिफ्टला 16 लिटर. टाकीतलं पाणी पुरेसं वर आलं की हवा ते उचलून ड्रायरमध्ये नेते. रेफ्रिजरेटेड ड्रायर वाफ काढण्यासाठी असतो. त्याच्यात साठलेलं पाणी लोटलं की त्याचं काही चालत नाही आणि पाणी लाइनमध्ये पोचतं. म्हणजे जाळी आरशासारखी साफ असती तरी पावसाळ्यात हा बिघाड आलाच असता. इंग्रजी अहवालातला पाचवा ‘का’ या गोष्टीच्या आसपासही गेला नव्हता.

जूनपासूनचा उलगडा झाला. सकाळचाही होतो: रात्री लाइन थांबलेली असताना पाइपातली हवा थंड होते, पाणी खालच्या जागी जमतं आणि सकाळी पहिल्या झटक्यात पुढे येतं. तीन नंबरच का, हे मात्र अजून उरलं. त्यासाठी मशीनच्या काट्यावर जाऊन पाइपलाइन डोळ्यांनी पाहावी लागते. चांगल्या जोडणीत मुख्य पाइपातून खाली मशीनकडे येणारी शाखा पाइपाच्या वरच्या बाजूनं काढतात आणि वळवून खाली आणतात, म्हणजे तळाशी वाहणारं पाणी शाखेत उतरत नाही. एक आणि दोन नंबरला तसंच होतं. तीन नंबर नंतर जोडलेलं, लाइनच्या शेवटचं. तिथे शाखा पाइपाच्या पोटातून सरळ खाली काढली होती. लाइनमधलं सगळं पाणी उतरायला तीच जागा. पुरावाही हाताशी होता: तीन नंबरच्या फिल्टरच्या वाडग्यात सकाळी पाणी दिसायचं, इतर दोन कोरडे असायचे.

आता एका साखळीच्या जागी तीन झाल्या, आणि तिन्ही एकत्र येऊन व्हॉल्व्ह अडकत होता. मराठीत त्यांना सरसकट ‘मूळ कारण’ म्हणू नये, टीमचा गोंधळ होतो. टायमर पावसाळ्याच्या पाण्याला अपुरा, हे मूळ कारण. शाखा पोटातून काढलेली, हे ‘हातभार लावणारं कारण’. त्यामुळे पाणी आलं नाही, पण आलेलं पाणी तिथे गेलं. तुंबलेल्या जाळीनं बिघाड लवकर आणला.

मूळ कारणावरही अजून एक-दोन पायऱ्या उतरायला हव्यात. टायमर 15 मिनिटांवर कशामुळे राहिला? कॉम्प्रेसर कोरड्या दिवसांत बसवला, तेव्हा लावलेली सेटिंग तशीच राहिली. ती कशामुळे बदलली गेली नाही? देखभालीच्या पत्रकात पावसाळ्याआधी टायमर बदलण्याची ओळच नाही. पत्रक वर्षभर एकच आहे. इथे थांबावं. आणखी खाली गेलं तर ‘कंपनीत नियोजन नाही’, ‘व्यवस्थापनाचं लक्ष नाही’ अशी वाक्यं येतात. ती खोटी नसतील, पण उद्या सकाळी कुणी काय करायचं हे त्यातून निघत नाही. जिथे आपल्या टीमला हात घालून बदल करता येतो, ती शेवटची पायरी. आणि माणसापाशी साखळी थांबत असेल तर एक पायरी नक्की शिल्लक आहे असं समजावं: त्या माणसाला काय सांगितलं होतं, काय दिसत होतं, काय मोजायला दिलं होतं?

प्रत्येक पायरीपुढे ‘पाहिलं’, ‘मोजलं’ किंवा ‘अंदाज’ यांपैकी एक शब्द लिहावा. इंग्रजी अहवालात तो नसला तर अनुवाद करताना विचारून घालावा. वरच्या साखळीत ड्रेनमधून येणारं पाणी ‘मोजलं’, पोटातली शाखा ‘पाहिली’, पण रात्री पाइपात पाणी जमतं हा ‘अंदाज’. तो तपासायचा तर लाइन सुरू करण्याआधी शेवटच्या टोकाचा ड्रेन उघडून पाहायचा, पाच मिनिटांचं काम. अंदाज लिहिण्यात कमीपणा नाही. तो पुराव्याच्या रांगेत गुपचूप बसवला की पुढचा सगळा खर्च त्याच्यावर उभा राहतो.

उपायांच्या रकान्यात इंग्रजीतून येणारी सगळ्यात निरुपयोगी क्रिया म्हणजे ‘खात्री करावी’. ‘ऑटो ड्रेन व्यवस्थित चालत असल्याची खात्री करावी’ हे वाचून माणूस पुन्हा बटणच दाबणार. त्याऐवजी असं लिहावं: ‘दर सोमवारी ड्रेनची जाळी उघडून साफ करा. मग बादलीत एका वेळेचं पाणी धरा. पाणी संपून हवा सुटली नाही आणि तरी 700 मिलीपेक्षा कमी आलं, तर सुपरवायझरला सांगा.’ करा, धरा, सांगा. आज्ञार्थी क्रियापद आणि त्याच्यापुढे एक आकडा. ‘करण्यात यावे’ची भाषा कागदाला शोभते, स्पॅनर हातात असलेल्या माणसाला ती दोनदा वाचावी लागते. भागांची नावं मात्र मराठीत करायला जाऊ नये. ऑटो ड्रेन, सोलेनॉइड, रेग्युलेटर हे टीमचेच शब्द आहेत, आणि स्टोअरमधून भाग मागताना तेच लागतात. मशीनवर रंगवलेला नंबर जसाच्या तसा ठेवावा.

तात्पुरता आणि कायमचा उपाय वेगवेगळ्या ओळींत हवेत, नाहीतर पहिला झाला की दुसरा विसरला जातो. आज करायचं ते: टायमर सात मिनिटांवर आणा. तासाला आठ वेळा, म्हणजे सहा लिटरच्या वर पाणी निघू शकतं आणि पाच लिटरला ते पुरतं. याची किंमतही लिहावी, कारण पाणी संपल्यावर ड्रेन उघडा राहिला तर दाबलेली हवा वाया जाते आणि वीज वाढते. म्हणून ऑक्टोबरनंतर टायमर पुन्हा मागे न्यायचा. कायमचं ते: पाण्याची पातळी ओळखून उघडणारा ड्रेन बसवणं, म्हणजे ऋतूप्रमाणे टायमर फिरवायची गरजच राहत नाही, आणि तीन नंबरची शाखा वरच्या बाजूनं काढून घेणं. नवा ड्रेन येईपर्यंत देखभालीच्या पत्रकात मे महिन्याच्या पानावर टायमरची ओळ आणि ती करणाऱ्याच्या पदाचं नाव.

उपाय लागू पडला की नाही हे ‘बिघाड पुन्हा आला नाही’ एवढ्यावर ठरवू नये, विशेषतः तो ऑक्टोबरमध्ये ठरवू नये. तेव्हा हवा आपोआपच कोरडी होऊ लागते आणि कुठलाही उपाय यशस्वी दिसतो. पाऊस चालू असतानाच, रोज सकाळी लाइन सुरू करण्याआधी, तीन नंबरच्या वाडग्यातलं पाणी पाहून लिहून ठेवायचं. टायमर बदलल्यावर ते बंद झालं तर मूळ कारण बरोबर पकडलं होतं. कमी झालं पण येतच राहिलं, तर टाकीतलं पाणी, ड्रायरचं तापमान आणि पोटातून काढलेली शाखा यांच्या साखळ्या पुन्हा उघडायच्या आणि ‘कशामुळे’पासून सुरुवात करायची.